सकाळी सागरची गाडी, संध्याकाळी कंपनीची बस

आमच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवरून मेल आला तेव्हा मी वारज्याच्या पुलावर बसमध्येच होते. विषय होता 'रूट रॅशनलायझेशन'. अशा शब्दांचा मला आता अंदाज आहे. पुढच्या सोमवारपासून सिंहगड रोडची बस आणि कर्वेनगर-कोथरूडची बस एक होणार होती. वडगावहून निघालेली बस आधीसारखी बायपासने सरळ न जाता वारज्याला खाली उतरणार, कर्वेनगरमध्ये तीन थांबे घेणार, कोथरूड डेपोला वळसा मारणार आणि मग चांदणी चौकात परत हायवेला लागणार. माझं घर आनंदनगरला, ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला. अंतर 24 किलोमीटर. एरवी सव्वा तास लागायचा. नव्या रूटच्या पहिल्या दिवशी एक तास पंचावन्न मिनिटं लागली, आणि त्यातली चाळीस कर्वेनगर-कोथरूडमध्ये गेली.

डेस्कवरच्या माणसाशी भांडायला गेले तर त्याने मला शीट दाखवलं. बस 35 सीटची. कोविडनंतर आम्ही आठवड्याला तीन दिवस ऑफिसला जातो, आणि सगळ्यांना मंगळवार, बुधवार, गुरुवारच हवे असतात. त्यामुळे सोमवारी बसमध्ये सहा माणसं, शुक्रवारी पाच. बसवाल्याशी करार दिवसाला एका रूटचा. सीटं भरोत न भरोत, पैसे तेवढेच. महिन्याची सरासरी निघत होती अकरा. "मॅडम, अकरा माणसांसाठी बस मी वर कशी मागू?" तो म्हणाला. मला राग आला होता, पण त्याचं गणित चुकलं नव्हतं.

दुसरा पर्याय काय? बायपासवरून जाणारी पीएमपी वडगाव पुलाखाली येईपर्यंत भरलेली असते, दारात लटकायची माझी तयारी नाही. मेट्रोचे सुरू झालेले दोन्ही मार्ग आमच्या बाजूला येत नाहीत. स्कूटरवर बायपासने जाणं मी दोन महिने करून पाहिलंय. नवले पुलाकडून उतारावरून येणारे कंटेनर शेजारून गेले की हँडल हातात राहत नाही. स्वतःची गाडी काढली तर जाऊन-येऊन 48 किलोमीटर. भूमकर चौकातली रांग धरून माझी गाडी लिटरला चौदा देते. पेट्रोल 105 धरा, दिवसाला 360 रुपये. वर दोन्ही वेळा क्लच दाबून डावा पाय दुखतो तो वेगळाच.

म्हणून कारपूल. ही कल्पना माझी नव्हती, काकांची. काका म्हणजे आमच्या कंपनीत नव्हे, समोरच्या इमारतीत अकाउंट्सला असलेले धायरीचे एक गृहस्थ, वय चौपन्न. आमच्या बसच्या थांब्यावर त्यांचीही बस यायची आणि त्यांचाही रूट त्याच महिन्यात कापला गेला. (सगळ्या कंपन्यांचे ट्रान्सपोर्ट डेस्क बहुतेक एकाच हॉटेलात चहा पितात.) तिसरा हिंगण्याचा सागर, माझ्याच मजल्यावर टेस्टिंगला. चौथ्या रूपालीताई, वारज्याच्या. त्यांना गाडी चालवता येते, पण घरची एकमेव गाडी नवरा चाकणला नेतो.

सुरुवातीला आम्ही जी चूक केली ती सगळेच करतात. ज्याची गाडी तो प्रत्येकाच्या दारी जायचा. सागर हिंगण्याहून निघून माझ्यासाठी आनंदनगरला यायचा, मग काकांसाठी धायरीच्या आतल्या गल्लीत, मग परत मागे. नकाशावर हे सगळं दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे. पण सिंहगड रोडवर सकाळी साडेसातला यू-टर्न घेऊन पाहा. दर वळशाला आठ-दहा मिनिटं जायची. तीन वळसे झाले की बसने कर्वेनगरला घातलेला वेळ आम्ही स्वतःच्या हाताने घालवलेला असायचा. दुसऱ्याच आठवड्यात काकांनी फतवा काढला: कुणाच्याही दारी गाडी जाणार नाही. सगळ्यांनी वडगाव पुलापाशी, हायवेच्या सर्व्हिस रोडला यायचं. रूपालीताई वारज्याला, तिथेही सर्व्हिस रोडवरच, मुख्य लेनच्या कडेला अजिबात उभं राहायचं नाही. मी स्कूटर काकांच्या ओळखीच्या सोसायटीत लावते. सागर बसने किंवा शेअर रिक्षाने येतो. गाडीने आपली रेघ सोडायची नाही, माणसांनी रेघेवर यायचं. एवढ्या एका बदलाने वडगाव ते फेज थ्री पंचावन्न मिनिटांवर आलं. डुक्करखिंड, चांदणी चौक, पाषाण, सूस, आणि वाकडपर्यंत न जाता राधा चौकातून म्हाळुंगेमार्गे आत.

आणि वेळ सात वीस. सात तेवीसला गाडी हलणार, फोन करायचा नाही, वाट पाहायची नाही. हे ऐकायला खडूसपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण बायपासला तीन मिनिटं ही तीन राहत नाहीत. सात पंचविसाला निघालो तर राधा चौकात आठच्या आत पोहोचतो. सात पस्तीसला निघालो तर तिथेच वीस मिनिटं जास्त जातात. एकदा मलाच सोडून गेले. मी पुलाखाली पोहोचले तर सागरच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसत होते. त्या दिवशी मी कर्वेनगर-कोथरूडची वारी केली आणि नंतर कधी उशीर केला नाही.

आता पैशाचं. पहिल्या महिन्यात आम्ही 'ज्याची गाडी त्याचं पेट्रोल, पाळीपाळीने' असं ठेवलं. पाळी म्हणजे काय यावरच भांडण झालं. सागरने सलग दोनदा गाडी काढली तेव्हा आम्ही चौघे होतो. माझ्या पाळीला नेमके दोघंच. मग माझी पाळी पूर्ण धरायची की अर्धी? काका अकाउंट्सचे. त्यांनी शनिवारी बसून शीट बनवलं. पुढे कळलं की हाच हिशोब 1983 साली आयबीएमच्या दोन संशोधकांनी कारपूलसाठीच मांडून ठेवलाय. काकांना ते सांगितलं तर म्हणाले, "हिशोब बरोबर असला की तो कुणीही केला तरी तोच येतो."

हिशोब असा. गाडीची एक फेरी म्हणजे 12 गुण. त्या दिवशी जितके बसले तितक्यांत ते 12 वाटायचे. चौघे असतील तर प्रत्येकाच्या नावे उणे 3, तिघे असतील तर उणे 4, दोघे असतील तर उणे 6. ज्याने गाडी काढली त्याला वर 12 मिळतात. ज्याचा आकडा सगळ्यांत खाली, त्याने पुढच्या वेळी गाडी काढायची. पहिल्या आठवड्यात मंगळवारी चौघे होतो, सागरची गाडी: सागर अधिक 9, बाकी तिघे उणे 3. बुधवारी रूपालीताई घरून काम करत होत्या, तिघेच, काकांची गाडी: काका अधिक 5, सागर अधिक 5, मी उणे 7. गुरुवारी पुन्हा चौघे. सगळ्यांत खाली मी, म्हणून माझी गाडी. संध्याकाळी शीट उघडलं तर सागर, काका आणि मी तिघेही अधिक 2 वर, आणि रूपालीताई उणे 6. म्हणजे तीन दिवसांत त्यांच्याकडे अर्धी फेरी बाकी, बाकी तिघांचं समसमान. कुणाला काही बोलावंच लागलं नाही.

ताईंकडे गाडी नाही, मग त्यांनी आकडा वर कसा आणायचा? उणे 12 झाले की त्या एका फेरीचं पेट्रोल भरतात. पैसे हातात देत नाहीत किंवा फोनवरून पाठवत नाहीत. पंपावर ज्याची गाडी असेल त्याच्या टाकीत भरतात. हा हट्ट काकांचा, आणि त्याला कारण आहे. आपली गाडी पांढऱ्या पाटीची. भाडं घेऊन माणसं नेण्याचा तिला परवाना नसतो. ॲपवाल्या कंपन्यांनी खाजगी गाड्या अशा वापरायला राज्य सरकारने जानेवारी 2023 मध्ये मनाई केली, तेव्हा काकांनी ती बातमी कापून ठेवली होती. खर्च वाटून घेणं आणि भाडं घेणं यातला फरक आपल्याला स्पष्ट दिसतो, अपघातानंतर फाइल बघणाऱ्या विम्याच्या माणसाला दिसेलच असं नाही. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर चालणार नाही असं लिहिलेलंच असतं. त्यामुळे शीटमध्ये फक्त इंधन. टायर, सर्व्हिसिंग, 'थोडं वर राहू द्या', काही नाही. टाकीत भरलेल्या पेट्रोलला तरी कुणी भाडं म्हणणार नाही, असं काकांचं म्हणणं. कोर्टात ते किती टिकेल मला माहीत नाही, पण मलाही ते पटतं.

पॉलिसीवरून आठवलं. काकांनी एका रविवारी सगळ्यांना आपापली पॉलिसी आणायला लावली. आम्ही हसलो होतो. सागरच्या पॉलिसीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही नुसती थर्ड पार्टी आहे. रस्त्यावरच्या माणसाला पैसे मिळतील. मागच्या सीटवर बसलेल्या हिला नाही." पॅकेज पॉलिसीत गाडीत बसलेल्यांची जबाबदारी येते, नुसत्या थर्ड पार्टीत ती धरून चालता येत नाही. शिवाय मागे बसणाऱ्यांचं अपघात संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं. सागरचं तोंड उतरलं. गाडी सात वर्षं जुनी, म्हणून त्याने पैसे वाचवले होते. त्याने पॉलिसी बदलेपर्यंत त्याची गाडी आमच्यात आली नाही, आणि तेवढे दिवस शीटमध्ये त्याचा आकडा खोल खोल जात राहिला.

शीटला एक भोक होतं, ते महिन्याभराने सापडलं. आम्ही फक्त सकाळची फेरी मोजत होतो. पण सकाळी हिंजवडीला नेलेली गाडी तिथे ठेवून येता येत नाही. ती संध्याकाळी परत आणावीच लागते, भले मागच्या तिन्ही सीटा रिकाम्या असोत. म्हणजे 180 नव्हे, 360 चा खर्च. आम्ही तिघे पाळीपाळीने तो सोसत होतो, ताईंवर पडतच नव्हता, आणि त्यांच्याच ते लक्षात आलं. तेव्हापासून 12 गुण म्हणजे जाणं-येणं मिळून. सकाळी बसलात की पूर्ण दिवसाचा वाटा. संध्याकाळी त्याच गाडीने आलात तर फुकट.

आता प्रश्न उरतो संध्याकाळी कोण त्याच गाडीने येतं. जवळपास कुणीच नाही.

आमचं कारपूल मोडायला आलं ते संध्याकाळमुळेच. सकाळी चौघांनाही नऊच्या आत पोहोचायचं असतं, म्हणून सकाळ जमते. संध्याकाळी सागरचा बिल्ड पावणेसहाला फुटतो, माझं महिनाअखेरचं क्लोजिंग असतं, काका साडेपाचला बॅग उचलतात. पहिल्या महिन्यात माझ्या पाळीच्या एका दिवशी मी सव्वासहाला निघायचं कबूल केलं आणि सात चाळीसला खाली आले. काका आणि ताई पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते. ताईंची मुलगी शेजाऱ्यांकडे बसवलेली. कुणी शब्दाने बोललं नाही. चांदणी चौकापर्यंत गाडीत फक्त एसीचा आवाज. त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की मला जमणार नाही.

ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, सकाळ कशाला सोडतेस? सकाळ चांगली चाललीय. संध्याकाळचं वेगळं बघू." हे तोवर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. जाताना आणि येताना एकच वाहन हवं असं आम्ही उगाच धरून बसलो होतो.

मी परत ट्रान्सपोर्ट डेस्कवर गेले, या वेळी भांडायला नाही. विचारलं, फक्त संध्याकाळचा पास मिळेल का? असा पास नव्हता. महिन्याला 2400 पगारातून कापले जायचे, कितीही दिवस बसा. मग दुसरं विचारलं. संध्याकाळी सहा दहाला एक बस कात्रजला जाते, एक कर्वेनगरमार्गे वडगावला. दोन्ही अर्ध्या रिकाम्या. त्याऐवजी एकच बस बायपासने सरळ नेली आणि फक्त हायवेच्या थांब्यांवर माणसं उतरवली तर? चांदणी चौक, वारजे, वडगाव, नवले पूल, कात्रज. आतल्या गल्ल्या बंद. पुढचं ज्याचं त्याने बघावं. तो म्हणाला, "वीस सह्या आणा. आणि आठवड्याला तीन दिवस वीस डोकी दिसली पाहिजेत, दोन महिने."

वीस सह्या गोळा करायला नऊ दिवस लागले. काही नाही म्हणाले, त्यांचंही बरोबर होतं. कर्वेनगरच्या आत राहणाऱ्या एका बाईंना वारज्याच्या पुलाखाली रात्री सातला उतरून रिक्षा शोधायची नव्हती. त्यांच्यासाठी कोथरूडची छोटी गाडी राहिली. पण कात्रज, आंबेगाव, धायरी, वारजे इथली माणसं भराभर आली, कारण त्यांचाही जीव आतल्या वळशांनी गेला होता. पहिल्या आठवड्यात सव्वीस माणसं. दारापर्यंत येणारी बस अकरा माणसांवर मरायला टेकली होती आणि दारापासून किलोमीटरभर लांब सोडणारी भरली. संध्याकाळचा पास 1300 ला ठरला.

या बसचं एकच सांगते. मार्च 2025 मध्ये हिंजवडी फेज वनला एका कंपनीच्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चार कर्मचारी गेले. मागचं दार उघडलं नाही. त्यानंतर कुठल्याही बसमध्ये बसले की मी मागे जाऊन दार पाहते. आमच्या नव्या बसच्या इमर्जन्सी दारासमोर स्टेपनी ठेवलेली होती, आणि तिच्यावर ड्रायव्हरची पाण्याची कॅन. फोटो काढून डेस्कला पाठवला, दुसऱ्या दिवशी स्टेपनी गेली. तीन आठवड्यांनी बदली बस आली, तिच्यातही तेच. पुन्हा फोटो. आता ड्रायव्हर मला पाहिलं की आधीच म्हणतो, "ताई, मागचं मोकळं हाय."

महिनाअखेरीला रात्र झाली तर बस नाही, कंपनीची कॅब. मी शेवटची उतरणारी असेन तर सोबत गार्ड. 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीचा तिला न्यायला आलेल्या कॅबच्या ड्रायव्हरनेच जीव घेतला, त्यानंतर हे सगळं कडक झालं. कायद्यानेही रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरी पोचवायची सोय कंपनीनेच करायची. नव्या मुली गार्डला कंटाळतात, तो समोर बसून पेंगतो म्हणून. पेंगू दे. मी त्याला उतरवून पुढे जात नाही.

मग शेवटी वाचलं काय? मी मांडून पाहिलं. महिन्याला बारा दिवस, चौघे भरलेल्या गाडीचे 90 रुपये धरून 1080. त्यात संध्याकाळचा पास 1300. एकूण 2380. आधी 2400 कापले जायचे. वीस रुपये! नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ हसत होता. पण सकाळचा एक तास रोज माझा झाला आणि संध्याकाळी सातला मी वडगावला उतरते, हे त्या वीस रुपयांत कुठे येत नाही.

नोव्हेंबरात काकांची व्हीआरएस आहे. चौथा माणूस शोधायला लागलोय. एक मुलगा विचारत होता, नऱ्ह्याचा, त्याला दारातून पिकअप हवंय. काकांनी त्याला शीट दाखवलं, पुलाचं लोकेशन पाठवलं आणि विचारलं, "पॉलिसी आण बघू." त्याचा अजून फोन आलेला नाही. आज संध्याकाळी आकडा उघडला तर मी उणे 7, म्हणजे उद्या गाडी माझी. पुढच्या डाव्या टायरात हवा कमी वाटतेय, पंपावर जाऊन येते.